आधी माणसाची क्षमा

कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेल गाळणारा आणि मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज ज्यू धर्मातील प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे बंद करण्याचा सण, म्हणत असे. शुभ्र वस्त्रे नेसून, अन्नपाणी वर्ज्य करून, माणसे त्या दिवशी प्रार्थनेत राहत. या दिवसाचे मूळ हिब्रू नाव योम किप्पूर. तो तिश्री महिन्याच्या दशमीला येतो, आदल्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी सुरू होतो आणि सुमारे पंचवीस तासांनी, रात्र पडल्यावर संपतो. परंतु दार बंद करून ईश्वरासमोर उभे राहण्याआधी दुसऱ्या एका दारी जाऊन यावे लागते. ज्याला आपण दुखावले, त्याचे ते दार.

इसवी सनाच्या 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात हा नियम स्पष्ट सांगितला आहे. माणूस आणि ईश्वर यांच्यातील अपराधांचे क्षालन योम किप्पूर करतो. माणसामाणसांतील अपराधांचे क्षालन मात्र दुखावलेल्याची समजूत घातल्याखेरीज तो करीत नाही.

असे का? तालमुदात एक दृष्टान्त आहे. एका मनुष्याने दुसऱ्याकडून कर्ज घेतले, राजासमोर फेडीची मुदत ठरवली आणि राजाच्या जीविताची शपथ घेतली. मुदत टळली, कर्ज फिटले नाही. तो राजाकडे क्षमा मागण्यास गेला, तेव्हा राजाने त्याला सांगितले की माझा झालेला अपमान मी माफ करतो. आता जा आणि ज्याचे देणे आहे त्याची समजूत घाल. राजा उदार आहे, पण दुसऱ्याचे येणे सोडून देण्याचा अधिकार त्याला नाही. ते येणे ज्याचे, सोडणेही त्याच्याच हाती. शिवाय ज्याने शपथ मोडली त्याच्या हातून दोन अपराध घडतात, एक धनकोचा आणि एक राजाचा. म्हणूनच केवळ माणसाची क्षमा मिळूनही भागत नाही. तिच्यामागून ईश्वराची क्षमा मागावीच लागते.

समजूत घालण्याची रीतही ठरलेली आहे. बाराव्या शतकातील धर्मशास्त्री मैमोनिदीस सांगतात की कुणाचे धन घेतले असेल तर आधी ते परत करावे. मात्र परतफेड झाली तरी क्षमा मागणे सुटत नाही. समोरच्याने नकार दिला तर त्याच्या तीन स्नेह्यांना सोबत नेऊन विनवावे. असे तीन वेळा करूनही तो मानला नाही, तर विनवणाऱ्याचे कर्तव्य संपते आणि दोष नाकारणाऱ्याकडे जातो. दुखावलेला गुरू असेल तर मात्र ही मर्यादा नाही.

नियमाची खरी परीक्षा रव नावाच्या विद्वानाच्या कथेत दिसते. रव आपले गुरू यहुदा हनासी यांच्यासमोर धर्मग्रंथातील भाग वाचत होते. एक ज्येष्ठ विद्वान आले म्हणून रवांनी वाचन पुन्हा आरंभापासून सुरू केले. आणखी दोघे एकामागून एक आले, तेव्हाही तसेच केले. मग रब्बी हनिना आले. आता किती वेळा मागे जायचे, असे म्हणून रव पुढे वाचत राहिले. हनिना दुखावले गेले. त्यानंतर तेरा वर्षे रव योम किप्पूरच्या पूर्वसंध्येला त्यांच्याकडे जात राहिले आणि हनिनांनी त्यांना एकदाही क्षमा केली नाही.

रव तीन वेळांवर का थांबले नाहीत, असा प्रश्न तालमुद स्वतःच विचारतो आणि सांगतो की रवांची गोष्ट वेगळी. ते स्वतःशी अधिक कठोर होते. हनिना इतके निष्ठुर का, याचेही उत्तर तेथे आहे. रव मोठ्या पदाला चढणार अशी सूचना हनिनांना स्वप्नात मिळाली होती. म्हणून रवांनी बाबिलोनियात जाऊन तेथे अध्यापन करावे, अशा हेतूने त्यांनी क्षमा अडवून धरली. पुढे रव बाबिलोनियातील सुरा येथे थोर आचार्य झाले. तरी त्या तेरा पूर्वसंध्यांचे रिकामे परतणे या कथेत झाकलेले नाही. क्षमा मागणे आपल्या हाती असते, मिळणे नसते.

दुखावलेला मनुष्य निवर्तला असेल तर? तेव्हा दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्याशी जावे आणि त्या साक्षीदारांसमक्ष, ईश्वराचा व या माणसाचा मी अपराधी आहे, असे म्हणावे. देणे असेल तर ते वारसांना द्यावे. वारस ठाऊक नसतील तर न्यायसभेकडे ठेवावे. क्षमापनेच्या दिवशी घरोघरी जाणाऱ्या जैन वाचकाला यातील पुष्कळसे ओळखीचे वाटेल. येथील फरक इतकाच की उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाच्या दारीही आधी जावे लागते, आणि प्रार्थनेसाठी आपले दार लावायचे ते त्यानंतर.