घडी शर्टातच असते

वेबमालिकेतला एक शॉट माझ्याकडे आला होता. नायकाचा भाऊ चाळीच्या गॅलरीतून झपझप चालत कॅमेऱ्याकडे येतो. अंगात गडद निळा टी-शर्ट आणि छातीवर एका कंपनीचा ठसठशीत पांढरा लोगो. तो वापरायची परवानगी नव्हती आणि चित्रीकरण उरकलं होतं, म्हणून लोगो शॉटमधूनच पुसायचा होता. शॉट सहा सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला 25 च्या हिशेबानं 150 फ्रेम.

शर्टाचा कोरा तुकडा बनवून लोगोवर चिकटवायचा, ही सगळ्यांना आधी सुचणारी वाट. भिंतीवरच्या पाटीला ती पुरते, चालत्या माणसाला नाही. पाऊल पुढे पडलं की खांदा वळतो, खांद्यापासून बरगडीपर्यंत एक तिरकी घडी उमटते आणि पुढच्या पावलाला विरते. एका फ्रेमवर बनवलेल्या तुकड्यात मात्र त्या क्षणाची घडी गोठून बसते. शेजारी रोटो करणाऱ्या सहकाऱ्याला मी तशी चाचणी दाखवली, तेव्हा तो लगेच म्हणाला, "अगं, छाती हलतेय, पण घडी हलतच नाहीये."

खरं तर घडी नव्यानं रंगवायची गरजच नसते. ती लोगोच्या आतसुद्धा चित्रित झालेली असते. पांढऱ्या छपाईवरही तोच उजेड पडतो, तीच सावली पडते. बदलतो फक्त रंग. पिक्सेलची किंमत म्हणजे कापडाचा रंग गुणिले त्यावर पडलेला उजेड. म्हणून उजेड तसाच ठेवून रंग तेवढा बदलायचा.

नूकमध्ये फुटेज लिनियर असतं, त्यामुळे हा गुणाकार सरळ चालतो. लोगोच्या काठाला लागून, सारख्याच उजेडातली दोन ठिकाणं मी मोजली. पांढऱ्यावर तिन्ही रंगांत साधारण 0.60, तर निळ्या कापडावर लाल 0.03, हिरवा 0.04 आणि निळा 0.10. भागाकार केला की गुणक मिळतात: 0.05, 0.067 आणि 0.167. लोगोच्या आकाराचा मास्क काढून आत हेच गुणक लावले. घडीच्या सावलीत पांढरा अर्ध्यावर, 0.30 वर उतरला होता, तिथे लाल आपोआप 0.015 झाला. शेजारच्या सावलीतल्या कापडाचीही किंमत तेवढीच होती. घडी लोगोच्या जागेतून अखंड गेली.

मास्क छातीबरोबर वाकायला हवा. छाती समोर आणि स्पष्ट दिसते अशा फ्रेमवर तो काढला, SmartVector नं कापडाची हालचाल मोजून घेतली आणि VectorDistort नं मास्क बाकीच्या फ्रेमवर नेला. मधे भावाचा हात छातीवरून जातो. तिथे ही मोजणी फसते आणि मास्क बोटांबरोबर ओढला जातो. म्हणून हात गेल्यानंतरची एक वेगळी फ्रेम निवडून दुसरा मास्क काढला आणि हाताचा रोटो करून हात वर ठेवला. हाताच्या कडा वेगामुळे धूसर होत्या, तेव्हा रोटोलाही तेवढाच मोशन ब्लर द्यावा लागला.

एवढं झाल्यावरही लोगोची बारीक बाह्यरेषा दिसत होती. काठावरच्या पिक्सेलमध्ये पांढरा आणि निळा मिसळलेला असतो, त्यांना कुठलाच एक गुणक लागू पडत नाही. ती चार-पाच पिक्सेलची पट्टी Inpaint नं दोन्ही बाजूंच्या कापडातून भरली. पट्टी इतकी अरुंद असली की घडी इकडून तिकडे जुळते.

मग ग्रेन. उजळ पांढऱ्यावर कॅमेऱ्याचा ग्रेन उजेडाच्या मानानं कमी असतो. त्याला 0.05 नं गुणलं की तो जवळजवळ नाहीसाच होतो आणि ती जागा प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसते. म्हणून शेजारच्या कापडाशी जुळणारा ग्रेन वरून घातला. अशी चूक थांबलेल्या फ्रेमवर कळत नाही. गॅमा वाढवून शॉट पुन्हा पुन्हा चालवला की गुळगुळीत चौकोन किंवा घसरणारा काठ लगेच नजरेत भरतो.

शेवटच्या काही फ्रेममध्ये भाऊ उन्हाच्या पट्ट्यात येतो. तिथे लोगो जळून नुसता पांढराफटक झाला होता, सावलीची नोंदच उरली नव्हती. गुणाकार करून सपाट निळा मिळाला. त्या फ्रेमपुरत्या घड्या मला वरच्या-खालच्या कापडावरून ओढत नेऊन हातानं जुळवाव्या लागल्या, आणि उरलेल्या सगळ्या शॉटपेक्षा तिथेच जास्त वेळ गेला. त्यामुळे असं काम आलं की आता मी आधी लोगोवरचा सर्वांत उजळ पिक्सेल तपासते. तिथे घडी नोंदली गेली असेल तर ती परत मिळते. नसेल तर तेवढा वेळ आधीच मागून घेते.