मोडीत काढावे की घडवीत न्यावे?

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेस वसलेले सोनगीर हे गाव जितके आपल्या किल्ल्यासाठी तितकेच तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात विख्यात आहे, आणि तेथील भांड्यांच्या पेढीवर जो हिशेब चालतो तो किराणा वा कापडाच्या दुकानातील हिशेबाहून पुष्कळच गुंतागुंतीचा आहे. परात, घागर वा हंडा येथे नगावर नव्हे, वजनावर विकला जातो. धातूचा दर वारंवार बदलतो. त्यावर घडणावळ निराळी लागते. आणि गिऱ्हाईक पुष्कळदा घरातली जुनी, फुटकी भांडी मोड म्हणून बरोबर घेऊन येते, जिचे वजन, घट आणि दर ठरवून ती रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वळती केली जाते. अशा एका पेढीचे वीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेले सॉफ्टवेअर माझ्याकडे तपासणीसाठी आले, तेव्हा मालकांच्या पुण्यात शिकलेल्या पुतण्याचे म्हणणे असे होते की, हे सारे जुनाट बाड फेकून नवे लिहावे, आणि मालकांचे म्हणणे असे की, "भाऊ, चालतंय ते चालू द्या, धनत्रयोदशीला काटा थांबला तर वर्ष बुडालं." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच हा प्रश्न आवडीनिवडीने न सोडवता हिशेबाने सोडवावा लागला.

प्रथम त्या वारशाचे स्वरूप सांगतो. सॉफ्टवेअर १९९८ साली आलेल्या 'व्हिज्युअल बेसिक ६' या भाषेत होते. विदा 'ॲक्सेस'च्या एकाच फाइलीत साठवलेली होती, आणि वीज गेली की ती फाइल अधूनमधून बिघडत असे. गिऱ्हाइकांची नावे युनिकोडपूर्व मराठी फाँटांत लिहिलेली होती. बिलाची आकडेमोड स्वतंत्र ठिकाणी नसून प्रत्येक पडद्यावरील बटनामागे लिहिलेली होती, त्यामुळे कराचा दर अनेक जागी आकड्यानेच लिहिलेला सापडे. मूळ लेखकाचा ठावठिकाणा नव्हता. असा कोड वाचताना कोणाही प्रोग्रामरच्या मनात पुनर्लेखनाची प्रबळ इच्छा उत्पन्न होते. परंतु कोड वाचण्यास क्लेशदायक असणे आणि तो चुकीचा असणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत, हे भान या इच्छेच्या भरात सुटते.

याचा प्रत्यय मोडीच्या हिशेबात आला. तेथे कसलेही स्पष्टीकरण नसलेली ही ओळ होती:

```
If Kalhai = "Y" Then NetWt = ModWt * 0.98
```

पुतण्याच्या मते ही ओळ निरर्थक होती आणि नव्या आराखड्यात तिला स्थानच नव्हते. पेढीवरच्या वृद्ध मुनीमजींना विचारता कळले की, कल्हई केलेल्या भांड्यावर कथिलाचा थर असतो, त्यावर काजळीही साचलेली असते, म्हणून त्या वजनातून शेकडा दोन घट धरण्याचा पेढीचा रिवाज आहे. तो कोणत्याही कागदावर नोंदलेला नव्हता. मुनीमजींच्या स्मरणात आणि त्या एका कुरूप ओळीत, एवढ्या दोनच ठिकाणी तो शिल्लक होता. पुनर्लेखनाच्या अंदाजपत्रकात पडदे मोजले जातात, अहवाल मोजले जातात. परंतु वर्षानुवर्षांच्या तक्रारींतून कोडात मुरलेले असे नियम मोजले जात नाहीत, कारण ते तेथे आहेत हेच कोणाला ठाऊक नसते. नेटस्केप या कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरचा जुना गाभा टाकून नवा लिहिण्याचा मार्ग पत्करला. तिची चौथी आवृत्ती १९९७ ची, पुढची सहावी नोव्हेंबर २००० मध्ये आली, पाचवी निघालीच नाही, आणि मधल्या काळात बाजार मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला. एवढी सधन कंपनी जो काळ सोसू शकली नाही, तो सोनगीरच्या पेढीने सोसावा असे म्हणण्यापूर्वी पुष्कळ विचार केला पाहिजे.

आता खर्चाचा ताळेबंद मांडू. पुतण्याच्या योजनेनुसार नव्या लेखनास आठ महिने लागणार होते. महिना ६० हजार रुपये धरले तर ४ लाख ८० हजार. जुनी विदा नव्यात आणणे आणि जुने-नवे दोन्ही दोन महिने शेजारी शेजारी चालवणे, यांचे आणखी १ लाख २० हजार. म्हणजे एकूण ६ लाख. टप्प्याटप्प्याने सुधारणा करण्यास माझ्या अंदाजाने बारा महिने, म्हणजे ७ लाख २० हजार लागणार होते. कागदावर पुनर्लेखन स्वस्त होते, आणि हे मी मालकांना स्पष्ट सांगितले. पण ही बेरीज दोन गोष्टी लपवते. पहिली ही की, पुनर्लेखनाचे फळ अखेरच्या दिवशीच पदरात पडते. सातव्या महिन्याअखेर काम थांबवावे लागले तर तोवरचे ४ लाख २० हजार जवळजवळ व्यर्थ जातात, आणि मुदत निम्म्याने लांबली तर ६ लाखांचे ८ लाख ४० हजार होतात. टप्प्यांच्या मार्गात तीन महिन्यांनंतर, म्हणजे १ लाख ८० हजार खर्चून, थांबले तरी तेवढी सुधारणा पेढीच्या पदरी राहते. दुसरी गोष्ट अशी की, नवे लिहिले जात असता जुने गोठून राहत नाही. वस्तू व सेवा कराचे नवे दर ३ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाले आणि २२ सप्टेंबरपासून लागू झाले. ज्यांचे नवे सॉफ्टवेअर अशा वेळी अर्धवट असते, त्यांना तो बदल जुन्यात आणि नव्यात असा दोनदा करावा लागतो, आणि तोही दिवाळीच्या तोंडावर.

निर्णय टप्प्यांचा झाला. परंतु टप्पे कोणत्या क्रमाने घ्यावेत यावरच सारे यश अवलंबून असते. सर्वप्रथम हाती असलेल्या कोडापासून जो प्रोग्राम तयार होतो तोच दुकानात चालू आहे काय, याची खातरजमा केली. कारण वारशाने आलेल्या कामांत पुष्कळदा चालू प्रोग्राम एका वर्षाचा आणि दप्तरातील कोड दुसऱ्या वर्षाचा असतो, आणि मग सुधारणा करताकरताच जुने नियम नाहीसे होतात. त्यानंतर बिलाची आकडेमोड बटनामागून उचलून एका स्वतंत्र जागी आणली, आणि मागील दोन वर्षांची सर्व बिले तिच्यातून पुन्हा काढून मूळ बिलांशी रुजवात घातली. येथे बिल बरोबर आहे का हा प्रश्नच नसतो. जुने सॉफ्टवेअर काय उत्तर देते एवढेच आधी निश्चित करायचे असते. महाराष्ट्रात हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळवताना २०१७ साली गावोगावी जे चावडीवाचन झाले, त्यामागचे तत्त्व हेच होते: नवे दप्तर प्रमाण मानण्यापूर्वी ते जुन्याशी ताडून पाहावे, आणि ज्यांचे हित त्यात गुंतले आहे त्यांच्यासमोर वाचावे.

रुजवातीत जी बिले जुळली नाहीत त्यांची वर्गवारी करावी लागते: आपली नवी चूक, अज्ञात नियम, आणि जुनी चूक. तिसऱ्या वर्गाचे एक उदाहरण उद्बोधक आहे. या भाषेतील `Round` हे फल बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या नेहमी वर नेत नाही, तर जवळच्या सम संख्येकडे नेते:

```
Round(2.5)   ' = 2
Round(3.5)   ' = 4
```

पीएचपीसारख्या भाषेत त्याच नावाचे फल २.५ चे ३ करते. पुनर्लेखन झाले असते तर काही बिलांत रुपयाचा फरक पडला असता, आणि तो कोठून आला हे शोधण्यात दिवसच्या दिवस गेले असते. आता जीएसटी कायद्याच्या कलम १७० चा दंडक असा की, ५० पैसे वा अधिक असल्यास पुढचा पूर्ण रुपया धरावा. म्हणजे जुने सॉफ्टवेअरच येथे चुकत होते. तरीही ती चूक आम्ही स्थलांतरात दुरुस्त केली नाही. प्रथम जुने वर्तन जसेच्या तसे नव्या जागी नेले, सर्व बिले जुळवली, आणि मगच हिशेबनिसांच्या संमतीने, दिनांक नोंदवून, तेवढाच एक बदल स्वतंत्रपणे केला. कोड हलवणे आणि त्याचा अर्थ बदलणे ही दोन कामे एकाच वेळी केली तर फरक दिसल्यावर तो कशामुळे पडला हे सांगता येत नाही. या एका शिस्तीने जितकी संकटे टळतात तितकी दुसऱ्या कशानेही टळत नसतील.

त्यानंतर कराचे विखुरलेले दर एका कोष्टकात, 'अमुक दिनांकापासून लागू' या रकान्यासह आणले. रकाना आवश्यक, कारण जुन्या दराने विकलेला माल परत आला तर वजावट त्याच जुन्या दराने व्हावी लागते. सप्टेंबरमधील बदलाच्या वेळी याच टप्प्याने आपली किंमत वसूल केली: एकेका मालासाठी नव्या दराची एक नोंद घालून काम भागले. मग विदा ॲक्सेसमधून एका स्वतंत्र सर्व्हरवर नेली आणि जुने पडदे तिला जोडलेल्या कोष्टकांतून वाचू लागले. येथे एक अडचण आधीच जाणून असावी: ॲक्सेसच्या स्थानिक कोष्टकावर चालणारी `Seek` ही आज्ञा अशा जोडलेल्या कोष्टकांवर चालत नाही, म्हणून ती जेथे जेथे होती तेथे शोधाची रीत बदलावी लागली. प्रत्येक टप्प्यानंतर मागे फिरण्याची वाट आठवडाभर मोकळी ठेवली, आणि दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत व ऐन लग्नसराईत कोणताही टप्पा घ्यायचा नाही असा करारच केला.

परंतु मोडीच्या खात्याबाबत मी पुतण्याच्या बाजूने कौल दिला. जुन्या रचनेत एका बिलास एकच मोड जोडता येत असे. प्रत्यक्षात गिऱ्हाईक तांब्याची आणि पितळेची मोड एकत्र आणते, दर दोहोंचे निराळे, आणि कधी मोड आज देऊन भांडे महिन्याने नेते. मुनीमजी हे सारे वहीत सांभाळत आणि सॉफ्टवेअरमध्ये एक गोळाबेरीज आकडा घालीत. जेथे विदेची रचनाच व्यवहाराशी विसंगत असते, तेथे डागडुजीने प्रत्येक वेळी नवी विसंगती जन्मते. आणि हा भाग लहान होता, त्याचे नियम आता कागदावर उतरले होते, तपासायला जुनी बिले व वही हाताशी होती. म्हणून तेवढे खाते मुळापासून नव्याने लिहिले आणि ते पुतण्यानेच उत्तम रीतीने लिहिले.

संपूर्ण पुनर्लेखन योग्य ठरते असे प्रसंगही आहेत: मूळ कोडच हरवलेला असतो, ज्या यंत्रणेवर तो चालतो ती मिळेनाशी होते, किंवा सारे सॉफ्टवेअरच इतके आटोपशीर असते की चारसहा आठवड्यांत नवे उभे राहील. या प्रसंगांबाहेर, समग्र सॉफ्टवेअरला उद्देशून "टाकू की ठेवू" असे विचारणेच मला अप्रस्तुत वाटते. तो प्रश्न एकेका भागाला विचारावा. ज्या भागाचे जुने उत्तर आपण बिलागणिक आधीच सांगू शकतो, तो खुशाल नव्याने लिहावा. जेथे ते सांगता येत नाही, तेथे लेखणी उचलण्यापूर्वी रुजवात घालावी. आणि कोणी पुनर्लेखनाची योजना घेऊन आला तर मालकाने त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: जुने आणि नवे कशावरून ताडणार, पहिला कोणता भाग चालू होऊन तो फसल्यास परत कसे फिरणार, आणि किती पैसे खर्चून झाल्यावर थांबता येईल व तेव्हा हाती काय उरेल. या तिहींची उत्तरे देणारा मनुष्य बहुधा टप्प्यांनीच जाऊ लागतो, आणि ज्याला ती देता येत नाहीत त्याच्या अंदाजपत्रकातील सहा लाख हा आकडा खर्चाचा अंदाज म्हणून नव्हे, तर केवळ एक आशा म्हणून वाचावा.