चौथ्या वर्गातली गाठ

थायरॉइडच्या गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, हे माझं रोजचं काम. बहुतेक गाठींचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. पण काही पट्ट्यांवर कोलॉइड जवळजवळ नसतंच; नुसती पेशींची लहान लहान कडी, एकसारखी, दाटीवाटीने. ही साधी फॉलिक्युलर गाठ की फॉलिक्युलर कॅन्सर, हे पेशींच्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. दोघींतला फरक असतो गाठीच्या आवरणाशी. पेशी आवरण भेदून बाहेर किंवा रक्तवाहिनीत शिरल्या असतील तर तो कॅन्सर. सुईत पेशी येतात, आवरण येत नाही. म्हणून बेथेस्डा पद्धतीप्रमाणे मी रिपोर्टवर ‘वर्ग ४’ लिहिते आणि निर्णय सर्जनकडे जातो.

या पद्धतीच्या २०२३ च्या आवृत्तीत चौथ्या वर्गातल्या गाठीत कॅन्सर निघण्याची शक्यता सरासरी ३० टक्के धरली आहे. आजवरचा रिवाज असा की अर्धी ग्रंथी काढायची आणि मग निदान करायचं. म्हणजे शंभर जणींवर शस्त्रक्रिया झाली, तर सत्तर जणींना गळ्यावरचा व्रण मिळाला तो फक्त उत्तर शोधण्यापायी. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडची गोळी कायमची लागते. आवाजाच्या नसेला इजा क्वचितच होते, पण होते. जनुकांच्या तपासणीचा खरा उपयोग या सत्तर जणींसाठी आहे.

गेल्या वर्षी एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेची पट्टी माझ्याकडे आली. वय चाळिशीच्या आत, टीएसएच नॉर्मल, उजव्या बाजूला २.६ सेंटिमीटरची भरीव गाठ, मानेतल्या लसीकाग्रंथी साफ. पट्टीवर चौथा वर्ग. आवाज हीच त्यांची उपजीविका, त्यामुळे ऑपरेशनचं नाव काढताच त्या घाबरल्या. नात्यातल्या कुणीतरी जीन टेस्टचं सांगितलं. शहरातल्या कलेक्शन सेंटरमार्फत रंगवलेल्या पट्ट्या बाहेरगावच्या लॅबला गेल्या आणि काही आठवड्यांनी त्यांचे यजमान रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसले.

“डॉक्टर, निगेटिव्ह आलाय. म्हणजे कॅन्सर नाही ना? मग ऑपरेशन रद्द करू?”

मी पहिलं पान बाजूला ठेवलं आणि शेवटच्या पानावरची जनुकांची यादी उघडली. माझ्या मते हा रिपोर्ट वाचायला तिथूनच सुरुवात करावी. यादीत ब्राफ होतं, के-रास आणि एन-रास होतं, बाकीची सगळी फुफ्फुस आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये औषध निवडण्यासाठी पाहतात ती. थायरॉइडमध्ये महत्त्वाचं असणारं एच-रास नव्हतं. टर्ट जनुकाचा प्रमोटर नव्हता. आणि पॅक्स-८ व पीपार-गॅमा या दोन जनुकांचं जोडलं जाणं, जे काही फॉलिक्युलर कॅन्सरमध्ये सापडतं, तेही नव्हतं. अशी जोडणी शोधायला बहुधा आरएनए लागतो, आणि तो रंगवून वाळलेल्या पट्टीवर फारसा टिकत नाही. डीएनए मात्र पट्टी खरवडून बऱ्यापैकी मिळतो.

हा रिपोर्ट खोटा नव्हता. त्याला जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. आमचा प्रश्न मात्र निराळा होता.

मी कागदावर यजमानांना हिशेब मांडून दाखवला. चौथ्या वर्गाच्या शंभर जणी घ्या. दहा-दहा जणींचे दहा गट करा, प्रत्येक गटात तिघींना, म्हणजे एकूण तीस जणींना कॅन्सर आहे. थायरॉइडसाठीच बनवलेलं एक मोठं पॅनेल आहे, थायरोसेकची तिसरी आवृत्ती. त्यात ११२ जनुकं पाहतात, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात त्याने शंभरातले ९४ कॅन्सर पकडले, तर साध्या गाठींपैकी ८२ टक्क्यांना निर्दोष ठरवलं. त्या आकड्यांनी आपल्या तीस जणींपैकी दोघी सुटतात आणि सत्तरपैकी सत्तावन्न निर्दोष ठरतात. निगेटिव्ह आलेल्या एकोणसाठ जणींत कॅन्सरच्या दोन. एवढ्या धोक्यावर सोनोग्राफी करत थांबणं शहाणपणाचं आहे.

आता लहान पॅनेल. पिट्सबर्गच्या गटाने २०११ मध्ये सात जनुकांच्या पॅनेलचा अभ्यास छापला होता. चौथ्या वर्गात त्याने ५७ टक्केच कॅन्सर पकडले. म्हणजे तीसपैकी सतरा सापडतात, तेरा सुटतात. साध्या गाठींपैकी जवळजवळ सगळ्या निगेटिव्ह येतात, समजा अडुसष्ट. एकूण एक्याऐंशी निगेटिव्ह, त्यांत तेरा कॅन्सर. साधारण सहांत एक. त्या अभ्यासातही निगेटिव्ह आल्यावर उरलेला धोका १४ टक्के होता. आणि मॅडमच्या पॅनेलमध्ये तर त्या सातांतलीही सगळी जनुकं नव्हती.

यजमान बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, “म्हणजे पॉझिटिव्ह आला असता तरच उपयोग होता?”

बरोबर पकडलं होतं त्यांनी. लहान पॅनेल कॅन्सर ‘आहे’ हे सांगू शकतं, ‘नाही’ म्हणायची त्याची ताकद नाही. ब्राफमधला व्ही-६००-ई हा बदल सापडला असता तर पॅपिलरी कॅन्सर जवळजवळ नक्की, आणि मग शस्त्रक्रिया निदानासाठी उरत नाही, उपचारासाठी होते. त्याच्या जोडीला टर्टमधला बदल असेल तर आजार आडदांड असण्याची भीती असते, आणि पूर्ण ग्रंथी काढण्याकडे सर्जनचा कल जातो. एकटं रास सापडलं असतं तर गोष्ट वेगळी. रासमधला बदल साध्या ॲडिनोमातही सापडतो, कॅन्सरमध्येही, आणि २०१६ मध्ये कॅन्सरच्या यादीतून काढून ज्याला निफ्टपी हे नवं नाव दिलं त्या सुस्त गाठीतही. अशा वेळी अर्धीच ग्रंथी काढणं बहुतेकदा पुरतं. मात्र ‘म्युटेशन पॉझिटिव्ह’ हे शब्द वाचून घरचे इतके हादरतात की “सगळंच काढून टाका” असं तेच सर्जनला सांगू लागतात. पूर्ण ग्रंथी गेली की गोळी जन्मभराची, आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्या ग्रंथींना धोका. रास सापडल्यावर मी रिपोर्टच्या खाली दोन ओळी जास्त लिहिते त्या यासाठी.

मॅडमपुढे दोन वाटा होत्या. पुन्हा सुई घालून थायरॉइडच्या मोठ्या पॅनेलसाठी ताजा नमुना पाठवायचा, किंवा अर्धी ग्रंथी काढायची. नमुना परदेशी पाठवायचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. खुद्द अर्ध्या ग्रंथीच्या ऑपरेशनपेक्षा तो जास्त जात होता. जिथे ऑपरेशन महाग तिथे ही तपासणी पैसे वाचवते. आमच्या मराठवाड्यात हिशेब उलटा बसतो, आणि हे रुग्णाला आधीच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी अर्ध्या ग्रंथीचं ऑपरेशन स्वीकारलं. सर्जननी नस जपली, आवाज शाबूत राहिला. गाठ माझ्याकडे आल्यावर आवरणाचा कडेचा सगळा भाग मी तपासायला घेतला. आवरण कुठेही फुटलेलं नव्हतं, रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. फॉलिक्युलर ॲडिनोमा. म्हणजे त्या सत्तरांतल्याच एक. तरीही हातात असलेल्या माहितीवर निर्णय योग्यच होता असं मी आजही म्हणेन. गाठ साधी निघाली म्हणून तो निगेटिव्ह रिपोर्ट विश्वासार्ह ठरत नाही.

आता संशयास्पद गाठीत सुई घालतानाच मी एक फेरी वेगळी घेते आणि सुई थेट जतन-द्रवात धुते. त्याआधी एका पट्टीवर खात्री करते की नुसतं रक्त आलेलं नाही. रक्तच जास्त असेल तर बदल असूनही तो सापडत नाही, आणि तोही कागदावर ‘निगेटिव्ह’ म्हणूनच छापून येतो. लॅबला फोन करून तीन गोष्टी विचारते: टर्टचा प्रमोटर पाहता का, जनुकांच्या जोडण्या पाहता का, आणि नमुन्यात थायरॉइडच्या पेशी पुरेशा आहेत हे कसं तपासता. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही, तर मी सर्जनना सांगते की ही तपासणी करूच नका.