बेरीज बरोबर, उत्तर चूक

बी.एस्सी.च्या वर्गाला बायोकेमिस्ट्री शिकवताना मी वर्षानुवर्षं एक वाक्य ठासून सांगत आलो: एटीपीतला उच्च ऊर्जेचा बंध तुटतो, ऊर्जा बाहेर पडते आणि त्या ऊर्जेवर न होणारी अभिक्रिया होते. वाक्य सुटसुटीत होतं, पोरांना पाठ व्हायचं, परीक्षेत गुणही मिळवून द्यायचं. फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ साली असा बंध दाखवायला नागमोडी रेघ वापरली. त्या रेघेत ऊर्जा दाबून भरलेली असते, असंच मी धरून चाललो होतो.

कारण काय, तर थर्मोडायनॅमिक्सची धास्ती. ते केमिस्ट्रीवाल्यांचं काम, आपल्याला बेरीज आली की पुरे, अशी माझी समजूत. समजूत कसली, आळसच तो. बंध तोडायला ऊर्जा लागते, तोडल्यावर मिळत नाही, हे मीच अकरावीत शिकलो होतो. तरी फळ्यावर उलटं सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही.

माझं ठरलेलं उदाहरण ग्लुकोजचं. ग्लुकोजला सुटा फॉस्फेट जोडून ग्लुकोज-६-फॉस्फेट करायचं तर प्रमाण मुक्त ऊर्जेतला बदल अधिक १३.८ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे प्रतिकूल. एटीपीचं हायड्रॉलिसिस, म्हणजे पाण्याने त्याचा एक फॉस्फेट सुटा होणं, उणे ३०.५. दोन्हींची बेरीज उणे १६.७. उत्तर उणे आलं, म्हणून अभिक्रिया होते. खडू खाली ठेवायचा.

एकदा हाच प्रश्न पेपरात घातला. एका उत्तरपत्रिकेत नळीचं चित्र होतं. त्या विद्यार्थ्याने नळीत ग्लुकोज, एटीपी आणि दोन वेगवेगळी एन्झाइम्स टाकली होती. एक एटीपीचं हायड्रॉलिसिस करणारं, दुसरं सुटा फॉस्फेट ग्लुकोजला जोडणारं. खाली माझीच बेरीज, उणे १६.७, आणि शेरा: ‘म्हणून ग्लुकोज-६-फॉस्फेट तयार होईल.’ मी पूर्ण गुण दिले. गठ्ठा बांधून झाला, पण ती नळी काही डोक्यातून जाईना. एटीपी फुटला, नळी जराशी गरम झाली, बरं, पुढे? ती उष्णता ग्लुकोजच्या रेणूला कोण नेऊन देणार? सगळी नळी एकाच तापमानाला असताना उष्णतेकडून काम करून घेता येत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं.

शेवटी कागद घेऊन बसलो. नळीत ५ मिलिमोलर ग्लुकोज, २ मिलिमोलर एटीपी आणि १ मिलिमोलर फॉस्फेट आहे असं धरलं. पहिलं एन्झाइम आपलं काम चोख करील आणि जवळजवळ सगळा एटीपी फुटेल, म्हणजे सुटा फॉस्फेट ३ मिलिमोलर होईल. आता दुसरी अभिक्रिया. अधिक १३.८ याचा अर्थ २५ अंशांना तिचा समतोल स्थिरांक साधारण ०.००३८. त्याला ग्लुकोजच्या आणि फॉस्फेटच्या मोलर संहतींनी गुणलं, तर समतोलाला ग्लुकोज-६-फॉस्फेट भरतं ०.०६ मायक्रोमोलरच्या आसपास. नसल्यातच जमा.

मग त्याच नळीतून दोन्ही एन्झाइम्स काढून एकटं हेक्झोकायनेज घातलं, अर्थात कागदावरच. उणे १६.७ वरून समतोल स्थिरांक निघतो सुमारे ८५०. जवळजवळ सगळ्या एटीपीचा शेवटचा फॉस्फेट ग्लुकोजवर जातो आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट होतं २ मिलिमोलर. दोन उत्तरांत तीस हजार पटींहून जास्त फरक!

या दोन आकड्यांकडे मी कितीतरी वेळ बघत राहिलो. बेरीज दोन्ही नळ्यांत तीच होती. मी फळ्यावर जे लिहीत होतो ते दोन्हींना लागू पडत होतं, आणि एका नळीत काहीच घडत नव्हतं. म्हणजे माझं स्पष्टीकरण हे स्पष्टीकरणच नव्हतं. बेरीज इतकंच सांगते की दोन्ही अभिक्रिया एकमेकींना बांधलेल्या असतील, तर जोडगोळी पुढे जायला मुक्त ऊर्जेची आडकाठी नाही. बांधलेल्या आहेत का, हे ती सांगत नाही. बांधलेल्या नसतील तर प्रत्येक अभिक्रिया आपापल्या समतोलाला जाऊन थांबते. मुलाचं उत्तर चूक होतं, पण ते माझ्याच शिकवण्यातून सरळ आलेलं होतं.

हेक्झोकायनेज ही बांधणी करतं कसं? ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट थेट एटीपीच्या टोकाच्या फॉस्फेटला भिडतो आणि तो फॉस्फेट हातोहात ग्लुकोजवर येतो. मधे तो कुठेही सुटा होत नाही. पाण्याचा संबंधच येत नाही. म्हणजे ज्या हायड्रॉलिसिसचे उणे ३०.५ मी बेरजेत घेत होतो, ते इथे प्रत्यक्षात घडतच नाही! हिशेबापुरता तो रस्ता आपण कागदावर धरतो, कारण मुक्त ऊर्जेतला बदल सुरुवात आणि शेवट यांवरच ठरतो.

पाण्याला दूर ठेवणं हे तर या एन्झाइमचं मोठं कसब. ग्लुकोज जागेवर बसलं की एन्झाइमचे दोन पाळे मिटतात आणि मधली फट बंद होते. ग्लुकोज नसताना तेच एन्झाइम एटीपीला पाण्याने फोडतं, पण हजारो पटींनी हळू. झायलोज दिलं की मात्र गंमत होते. ही साखर ग्लुकोजसारखीच, फक्त तिला सहावा कार्बन नाही. ती बसल्यावरही पाळे मिटतात, पण फॉस्फेट घ्यायला समोर कोणी नसतं. त्या रिकाम्या जागी पाण्याचा रेणू शिरतो आणि एटीपीचं हायड्रॉलिसिस वाढतं. एटीपी खर्च होतो, पदरात काही पडत नाही.

राहता राहिली ती नागमोडी रेघ. उणे ३०.५ हा आकडा बंधात साठलेला नाही. एटीपी आणि पाणी यांच्यापेक्षा एडीपी आणि फॉस्फेट अधिक स्थिर असतात, त्यातला हा फरक. शेजारी दाटलेले ऋण भार वेगळे होतात आणि पाण्याचे रेणू त्यांना नीट वेढतात, ही त्यामागची काही कारणं. शिवाय हा आकडा प्रमाण संहतींचा. माणसाच्या लाल रक्तपेशीत एटीपी सुमारे १.८५, एडीपी ०.१४ आणि फॉस्फेट १ मिलिमोलर असतो. या संहती घातल्या की ३७ अंशांना उत्तर येतं सुमारे उणे ५५. हे किलोज्यूल बंधातून नाही, पेशीने एटीपी समतोलापासून अब्जपटीहून लांब राखलेला असतो त्यातून येतात. पेशी मेली, समतोल साधला की तोच रेणू, तोच बंध, आणि मुक्त ऊर्जेतला बदल शून्य. मग त्याच्याकडून कसलंही काम होत नाही.

बांधणीलाही मर्यादा आहे. यकृतात ग्लुकोजवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम असतं आणि तो उतरवणारं फॉस्फेटेजही. दोन्ही जोरात चालली तर निव्वळ हिशेब एटीपीच्या हायड्रॉलिसिसचा उरतो आणि हाती फक्त उष्णता लागते. दुसऱ्या मार्गाने का होईना, तीच उत्तरपत्रिकेतली नळी.

आता मी पेपर काढतो तेव्हा नुसत्या बेरजेला अर्धेच गुण ठेवतो. उरलेले अर्धे एका प्रश्नाला: फॉस्फेट कुठून कुठे गेला आणि मधे तो सुटा झाला का? तुम्ही हा विषय शिकवत असाल तर तुमच्या पुढच्या पेपरातही हा प्रश्न घाला, आणि आधी आदर्श उत्तर स्वतः लिहून बघा.