तोट्याच्या वर्षाचं रिटर्न

खोताच्या वाडीच्या आसपासच्या छोट्या धंद्यांचे हिशेब पाहणाऱ्या कर सल्लागाराच्या कानावर 2021 साली एक प्रश्न हमखास यायचा: "कमाईच झाली नाही, मग रिटर्न कशाला भरायचं?" विचारणाऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलेल्या माणसावर कायदा सहसा रिटर्नची सक्ती करत नाही. पण धंद्यात तोटा आलेल्या माणसाने नेमकं त्याच वर्षीचं रिटर्न चुकवायला नको होतं, कारण त्या रिटर्नमुळे पुढच्या वर्षांचा कर कमी होणार होता.

मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी आली. मुंबईत हॉटेलांमध्ये बसून जेवायला परवानगी मिळाली ती 5 ऑक्टोबर 2020 रोजी, तीही निम्म्या खुर्च्यांनिशी. म्हणजे 2020-21 या आर्थिक वर्षातला जवळपास निम्मा काळ टेबलं रिकामी होती. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध लागले आणि व्यवहार पार्सलवर आला. भाडं, वीज आणि कामगारांचा पगार मात्र चालूच होता. अशा वर्षाचा हिशेब कसा चालतो ते पाहण्यासाठी वाडीच्या तोंडाशी एक खानावळ आहे असं धरू. मालक एकटा, वह्या नीट लिहिलेल्या आणि रिटर्न जुन्या कररचनेतलं. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, नियम खरे आहेत.

2020-21 मध्ये खानावळीला घसारा धरण्याआधीच 3,60,000 रुपयांचा तोटा आला. फ्रीज, शेगड्या, मिक्सर यांचा घसारा 60,000 रुपये. मालकाची बँकेत एक मुदत ठेव होती, तिचं त्या वर्षीचं व्याज 1,20,000 रुपये. मार्च 2021 मध्ये त्याने ती ठेव मोडून थकलेलं भाडं दिलं.

धंद्याचा तोटा आधी त्याच वर्षीच्या इतर उत्पन्नातून वजा करावा लागतो. (पगारातून तो वजा होत नाही, पण व्याजातून होतो.) त्यामुळे 3,60,000 मधून 1,20,000 तिथेच गेले. मालकाला इथे वाईट वाटणं साहजिक आहे, कारण तेव्हा अडीच लाखांपर्यंत कर नव्हताच. ते व्याज तसंच ठेवलं असतं तरी एक रुपयाही भरावा लागला नसता. पण "हा तोटा आत्ता नको, पुढे वापरतो" असं म्हणण्याची मुभा कायदा देत नाही. तोट्याचा एक तृतीयांश भाग काहीही न वाचवता खर्ची पडला. पुढे ओढायला उरला 2,40,000 रुपयांचा तोटा, आणि त्याच्या शेजारी वेगळा लिहिलेला 60,000 रुपयांचा न वापरलेला घसारा.

हे दोन आकडे एकत्र करायचे नाहीत. धंद्याचा तोटा पुढच्या आठ करनिर्धारण वर्षांपर्यंतच चालतो आणि तो फक्त धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. 2020-21 चा तोटा 2028-29 या आर्थिक वर्षाच्या नफ्यापर्यंत वापरता येईल, त्यानंतर उरेल तो गेला. घसाऱ्याला अशी मुदत नाही. दोन्ही शिल्लक असतील तर आधी तोटा वापरायचा आणि मग घसारा. हा क्रम करदात्याच्या भल्याचा आहे, कारण मुदत संपणारी गोष्ट आधी मार्गी लागते.

2021-22 मध्ये खानावळ जेमतेम उभी राहिली. त्या वर्षीचा घसारा जाऊन नफा राहिला 40,000. कर लागायचा प्रश्नच नव्हता, तरीही मागच्या तोट्यातले 40,000 आपोआप वळते झाले आणि तोटा दोन लाखांवर आला. 2022-23 मध्ये गिऱ्हाईक परतलं आणि नफा झाला 5,60,000. इथे पहिल्यांदा तोट्याने कामाचा पैसा दिला. 5,60,000 मधून दोन लाखांचा तोटा गेला, मग 60,000 चा घसारा गेला, करपात्र उत्पन्न राहिलं तीन लाख. पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करात सूट असल्यामुळे कर शून्य. तोटा-घसारा नसता तर उपकरासह 25,480 रुपये भरावे लागले असते.

मालकाला पहिल्या दिवशी वाटलं होतं की 3,60,000 चा तोटा म्हणजे सरकारकडे तेवढं काही जमा आहे. तसं नसतं. तोटा करातून वजा होत नाही, उत्पन्नातून वजा होतो, आणि ज्या वर्षी उत्पन्नावर करच नाही त्या वर्षी तो मुकाट झिजतो. हे सल्लागाराने तोट्याच्या वर्षीच सांगायला हवं, नाहीतर पुढे दोघांमध्ये विनाकारण गैरसमज होतो.

आता त्याच मालकाने रिटर्न उशिरा भरलं असं समजा. 2020-21 साठी ऑडिट नसलेल्या करदात्यांना वाढीव मुदत 31 डिसेंबर 2021 ही होती. ती तारीख उलटली की पुढे ओढायचा 2,40,000 चा तोटा बाद. घसारा मात्र वाचतो, त्याला वेळेच्या रिटर्नची ही अट लागू नाही. 60,000 पैकी 40,000 दुसऱ्या वर्षी संपले असते, 20,000 तिसऱ्या वर्षी, आणि 2022-23 चा कर आला असता 21,320 रुपये. उशिराची किंमत एवढी. यातून सुटायला एक दार आहे: विलंब माफ करण्याचा अर्ज आयकर खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करता येतो. पण त्याला पटण्याजोगं कारण आणि कागद लागतात, आजारपणाचे किंवा तसेच काही. "माहीत नव्हतं" एवढ्यावर भरवसा ठेवून बसू नये.

वेळेवर भरूनही तोटा हरवतो, तो फॉर्ममुळे. ढोबळ टक्केवारीने नफा दाखवणारे दुकानदार सवयीने ITR-4 भरतात. त्या फॉर्ममध्ये पुढे ओढायच्या तोट्याला जागाच नाही, त्यासाठी ITR-3 लागतो. शिवाय ढोबळ योजनेत आधीपासून असलेल्याने एका वर्षी तोटा दाखवायला ती सोडली, तर पाच वर्षं तिच्यात परत येता येत नाही, आणि त्या काळात उत्पन्न मर्यादेवर गेलं की ऑडिटचा खर्चही येतो. वीस-तीस हजारांच्या तोट्यासाठी हा सौदा बहुधा परवडत नाही. लाखांच्या तोट्यासाठी दोन्ही बाजू मांडून पाहायला हव्यात.

ITR-3 मध्ये Schedule CFL नावाचा तक्ता असतो. त्यात मागच्या प्रत्येक वर्षाचा तोटा आणि ते रिटर्न कोणत्या तारखेला भरलं ते लिहायचं असतं. ही तारीख चुकली किंवा एखाद्या वर्षी तक्ता कोराच राहिला, तर पुढच्या वर्षी तोटा अडतो. म्हणून रिटर्ननंतर खात्याकडून येणारी सूचना उघडून तिच्यातला तोट्याचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहावा. परतावा नाही आणि मागणीही नाही असं दिसलं की लोक ती सूचना वाचत नाहीत. पण तोटा कापला गेला असेल तर त्याची पहिली खूण तिथेच असते, आणि दुरुस्तीचा अर्ज तेव्हाच सोपा जातो.

वाडीतल्या जुन्या घरांमध्ये आणखी एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येते, ती म्हणजे बापाचा धंदा मुलाने चालवणं. तोटा ज्याचा त्यानेच पुढे ओढायचा, हा नियम आहे. याला अपवाद वारशाचा. वडील गेल्यावर मुलगा वारसा हक्काने तोच धंदा पुढे चालवत असेल, तर वडिलांचा उरलेला तोटा उरलेल्या वर्षांपुरता त्याला मिळतो. पण वडिलांनी हयातीतच धंदा मुलाच्या नावावर केला, तर तोटा वडिलांपाशीच राहतो, आणि त्यांच्याकडे दुसरा धंदा नसेल तर तो तिथेच संपतो. टाळेबंदीनंतर थकलेल्या बऱ्याच वडीलधाऱ्यांनी दुकानं मुलांकडे सोपवण्याचं मनावर घेतलं. तेव्हा सल्लागाराने परवाना आणि भाडेपावती यांच्याआधी Schedule CFL काढून पाहायचा, किती लाख उरलेत आणि किती वर्षं उरलीत ते, आणि मगच नाव बदलण्याच्या तारखेबद्दल दोघांशी बोलायचं.