गेडसरची बोट

गेल्या महिन्यात रोस्टोकहून मेल आली. माझ्या तिथल्या घरमालकीणबाई गेल्या. मुलीने चार ओळींत कळवलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, आईचे भिंतीवरचे नकाशे तुला हवे आहेत का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. नकाशे ठेवायला माझ्याकडे भिंत नाही, हे खरं कारण नव्हे. ते नकाशे उलगडले की बाईंचा आवाज ऐकू येईल, आणि त्याची तयारी अजून झालेली नाही.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. पूर्व जर्मनी होता तेव्हापासून. मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकून तिकडे गेले होते आणि त्यांच्याकडे एक खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बसलो असताना त्यांनी पावाच्या रिकाम्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने एक आकृती काढली. डावीकडे समुद्र, मग सपाट चिंचोळी पट्टी, मग एकदम चढ, आणि पलीकडे हळूहळू उतरत गेलेलं पठार. चढाच्या अलीकडे त्यांनी दाट तिरप्या रेघा मारल्या, पलीकडे दोन-तीनच. सह्याद्री! कोकणात एवढा पाऊस का आणि घाटमाथा ओलांडला की माणसं ढगांकडे बघत का बसतात, हे त्यांनी मला, म्हणजे चिपळूणच्या मुलीला, समजावून सांगितलं. एकही चूक नव्हती. मग पेन्सिल ठेवून म्हणाल्या, "वर्षानुवर्षं मी हे फळ्यावर काढत आले. पण त्या पावसाचा वास कसा असतो, ते मला माहीत नाही."

मी सांगायचा प्रयत्न केला. ते काही जमण्यासारखं नव्हतं. त्या मात्र डोळे मिटून ऐकत होत्या. तो त्यांचा चेहरा मला पुन्हा पुन्हा आठवतो. फेर्नवे या जर्मन शब्दाचा अर्थ मला शब्दकोशातून कळला नाही, त्या चेहऱ्यावरून कळला. आपण जिथे कधी गेलो नाही, जिथे आपलं कुणी नाही, अशा दूरच्या जागेसाठी पोटातून येणारी कळ. प्रवासाची हौस त्याहून हलकी असते. हौस भागली नाही तर माणूस हिरमुसतो, पण फेर्नवेमध्ये खरोखर दुखतं.

रोस्टोकला लागूनच वार्नेम्युंडे आहे. तिथून डेन्मार्कमधल्या गेडसरला आगगाडीसकट नेणारी बोट सुटायची. बर्लिनच्या भिंतीच्या काळातही ती चालू होती, पण गावातल्या लोकांना तिच्यात पाय ठेवता येत नसे. म्हातारपणी पेन्शन लागली की पश्चिमेला जायची परवानगी मिळायची, त्याआधी जवळपास नाहीच. बाई शाळा सुटल्यावर धक्क्यावर जाऊन बोट दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहत. ही सवय अनेकांना होती, असं त्या सांगायच्या. भिंत पडल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल? गेडसरला गेल्या, तिथे कॉफी प्यायल्या आणि त्याच दिवशी परत आल्या. गेडसरमध्ये बघण्यासारखं काही नाही, हे त्यांनी मला हसत सांगितलं. पण त्या दिवसानंतर धक्क्यावर उभं राहणं बंद झालं.

माझं तेव्हाचं दुखणं अगदी उलट जातीचं होतं. नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडायचा आणि मला आईच्या हातचं अळूचं फदफदं, ओल्या सुपारीचा वास, मागच्या पडवीतली पाण्याची घंगाळं आठवायची. जर्मन लोक याला हाइमवे म्हणतात. यातली प्रत्येक गोष्ट मी नावानिशी सांगू शकत होते, कुठल्या कोनाड्यात काय आहे ते डोळे मिटून दाखवू शकत होते. घरच्या ओढीत आठवण काम करते. जे होतं, जे हाताला लागलेलं आहे, तेच मागितलं जातं. बाईंकडे आठवण नव्हती, नुसता नकाशा होता. बाकीचं सगळं त्यांना मनाने भरावं लागत होतं, आणि मनाने भरलेल्या जागेला काठ नसतो.

हाइमवेला एके काळी रीतसर रोग मानत. 1688 साली बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण डॉक्टरने त्यावर प्रबंध लिहिला आणि त्याला ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. त्यात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत आहे. ताप, छातीत घालमेल, पोरगा मरणाच्या दारात. त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थनाही झाली. औषधवाल्याकडून आलेल्या माणसाने मात्र ओळखलं की याला घराची ओढ लागली आहे, याला घरी न्या. अशक्त पोराला गाडीत घातलं. बाझेल काही मैल मागे पडलं तसा त्याचा श्वास मोकळा झाला, आणि बर्नला पोचायच्या आतच तो बरा झाला. मला ही हकीकत फार पटते, कारण सुट्टीचं तिकीट हातात आल्या दिवशी मलाही भूक लागायला लागली होती. घरच्या ओढीची खूण हीच. तोंड घराकडे वळलं की उतार पडतो, पोचेपर्यंतही थांबावं लागत नाही.

फेर्नवेची परीक्षा कशी करायची, ते रोस्टोकच्याच एका वेटरने दाखवून दिलं. फ्रीडरिश ख्रिस्तियान डेलिउस यांनी 1995 साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं. योहान गोटफ्रीड झॉयमे हा लेखक 1801 मध्ये जर्मनीतून पायी निघून सिसिलीतल्या सिरॅक्यूजला गेला होता. या वेटरला तीच वाट धरायची होती. परवानगी मिळेना, म्हणून तो शिडाची होडी चालवायला शिकला. कित्येक वर्षं तयारी करून 1988 च्या उन्हाळ्यात हिडेनझे बेटावरून होडीने डेन्मार्कला निसटला, इटलीत गेला, सिरॅक्यूज पाहिलं. आणि मग आपल्या पायांनी पूर्व जर्मनीत परत आला! पुढल्या वर्षी भिंतच पडणार आहे, हे त्याला काय माहीत? तो पळून गेला नव्हता. त्याला फक्त ते दूर बघून यायचं होतं. घर नकोसं झालेला माणूस आणि फेर्नवेने कासावीस झालेला माणूस यांतला फरक त्याच्या परत येण्यात आहे. बाईही गेडसरहून त्याच दिवशी परत आल्या होत्या.

म्हणून हल्ली हा शब्द कॉफीच्या मगांवर आणि सहलीच्या जाहिरातींत बघितला की मला राग येतो. परवाच एक जाहिरात पाहिली: फेर्नवे झालंय? आजच बुकिंग करा, हप्त्यांची सोय आहे. ज्यांच्यासमोरून रोज बोट जायची आणि ज्यांना तीत चढता येत नव्हतं, त्यांचा शब्द आहे हा. तो इतका स्वस्त व्हावा, हे मला सोसत नाही.

पण माझ्या या रागालाही एक गोष्ट आडवी येते. हा शब्द ज्याने रूढ केला असं मानतात, त्याला कुणीही अडवलेलं नव्हतं. हेर्मान फॉन प्युक्लर-मुस्काउ हा राजपुत्र होता. नाइस नदीकाठी त्याने वसवलेलं मुस्काउचं विस्तीर्ण उद्यान आज अर्ध्याहून जास्त पोलंडमध्ये आहे. 1835 च्या सुमारास त्याने लिहिलं की आपल्याला घराची ओढ कधी छळत नाही, छळते ती दूरची. त्याच ओढीने तो अल्जीरिया, इजिप्त, सुदान फिरला. आणि 1837 मध्ये त्याने कैरोत एक मुलगी विकत घेतली. आजच्या इथिओपियातल्या ओरोमो समाजातली, वयाने अगदी कोवळी, गुलाम पकडणाऱ्यांनी पळवून आणलेली. तिचं नाव त्याने ठेवलं 'माखबूबा', म्हणजे आपला महबूबा हाच शब्द. तो तिला मुस्काउला घेऊन आला. 1840 च्या ऑक्टोबरात ती क्षयाने गेली, तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. गावच्या दफनभूमीत तिची कबर आहे.

मी ती पाहायला गेले होते. मला दोन सुट्ट्यांमधला नोव्हेंबर जड गेला होता. तिच्या वाट्याला त्या थंडीत काय आलं असेल? होफरचा विद्यार्थी गाडीत घालताच सावरला. या मुलीला गाडीत घालून परत पाठवू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्यानेच तिला विकत आणलं होतं. एकाची दूरची ओढ दुसऱ्याला कायमचं घरापासून तोडू शकते, हे बाईंच्या धक्क्यावरून मला कधी दिसलं नसतं.

तिथून बसने परतताना जे वाटत होतं, ते हाइमवे नव्हतं आणि फेर्नवेही नव्हतं. कुठेही गेले असते तरी ते कमी झालं नसतं. तिसरा जर्मन शब्द इथे लागतो: वेल्टश्मेर्त्स, साऱ्या जगाचं दुःख. पुस्तकांत त्याच्यासाठी कवी निकोलाउस लेनाउचं उदाहरण देतात. युरोपात जीव रमेना, म्हणून तो 1832 मध्ये जहाजाने अमेरिकेला गेला. ओहायोत चारशे एकर जमीन घेतली, जंगलात घोड्यावरून हिंडला. आणि तिकडून त्याने तक्रार काय लिहून पाठवली, तर इथे नाइटिंगेल पक्षी नाही! पुढल्याच वर्षी तो परतला. पाठीमागे त्याचं नाव झालेलं होतं, कविता लोकांच्या तोंडी होत्या, तरी मन होतं तिथेच राहिलं. पुढे वेड लागलं, आणि 1850 मध्ये व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. दूर जाऊन उतार नाही, घरी येऊन नाही. जग जसं असायला हवं असं मनाने धरलेलं असतं तसं ते कुठेच नसतं, मग गाव बदलून काय होणार?

पण लेनाउचं दुःख शेवटी स्वतःभोवती फिरत राहतं. हा शब्द घडवणारा लेखक जाँ पाउल याच्या मनात काही वेगळंच होतं. 1821 मध्ये त्याचा तरुण मुलगा वारला. त्यानंतर तो आत्म्याच्या अमरत्वावर 'झेलीना' नावाचं पुस्तक लिहायला बसला. 1825 मध्ये तो स्वतः गेला, पुस्तक अपुरंच राहिलं आणि 1827 मध्ये छापलं गेलं. त्यात वेल्टश्मेर्त्स होतो तो देवाला. माणसांच्या हजारो यातना त्या सगळ्या एकदम दिसतात, आणि पुढे मिळणारं सुखही दिसतं म्हणूनच तो त्या सोसू शकतो, असा जाँ पाउलचा विचार आहे. पुढच्या पिढीच्या कवींनी तो शब्द आपल्या उदासीला लावला आणि तोच अर्थ रुळला.

मला जाँ पाउलचा अर्थ हवा आहे. पुढचं सुख मला दिसत नाही, तेवढी श्रद्धाही माझ्यात नाही. माखबूबाचं दुःख माझं नव्हतं. ते बघून मी उदास झाले, यात माझ्या उदासीची काही थोरवी नाही. पण घराची ओढ माझ्या घरापुरती असते, दूरची ओढ माझ्या डोळ्यांपुरती असते, आणि या दोन्हींतून माणूस तिकीट काढून सुटतो. जे दुःख आपलं नाही त्यातून सुटायचं तिकीट काढू नये, असं मला वाटतं. ते दुःख ज्यांचं होतं त्यांना कुणी तिकीट दिलं नव्हतं.