खुबा

कंबरेपासून मांडीपर्यंत काहीही दुखले, तरी आपण ‘कंबर धरली’ म्हणून मोकळे होतो. काचीगुड्यातल्या माझ्या शेजारणी मात्र ‘तुंटि’ हा वेगळा शब्द वापरतात. आपल्याकडेही ‘खुबा’ आहे, पण तो पडून हाड मोडले तरच आठवतो.

माझी कळ नेमकी तिथेच होती. उजव्या कुशीवर वळले की बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर सुरी खुपसल्यासारखे होई. डॉक्टरांनी ‘बर्सायटिस’ सांगितले, म्हणजे हाडावरच्या पाण्याच्या पिशवीला आलेली सूज. ते पटलेही असते. पण डाव्या कुशीवर निजले तरी उजवाच खुबा ठणके, हे कोडे सुटेना.

ते सोडवले सुलतान बाजारातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने. “अम्मा, एका पायावर उभ्या राहा,” म्हणाली. तीस सेकंद मोजायची होती. पंधराव्यालाच नेमकी तीच कळ आली. कुल्ल्याचे स्नायू ज्या दोरीसारख्या कंडऱ्यांनी त्या उंचवट्याला बांधलेले असतात, त्याच बहुधा थकलेल्या असतात, असे तिचे म्हणणे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा 877 रुग्णांची सोनोग्राफी तपासली, तेव्हा पिशवीची सूज सुमारे पाचांतल्या एकातच आढळली.

आणि डावी कूस? वरचा उजवा पाय पुढे गादीवर घसरतो, मांडी आत वळते आणि कंडरा हाडावर ताणून दाबली जाते. नातवाला कडेवर घेऊन एक खुबा बाहेर काढून उभे राहिले, पायावर पाय टाकून बसले, तरी तेच. म्हणून तिने तो भाग ताणण्याचे व्यायाम आधी बंद करवले. आपल्याला वाटते ताणले की मोकळे होईल. इथे ते उलटे पडते.

रात्री दोन्ही गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत जाड उशी, नाहीतर उताणे निजून गुडघ्यांखाली लोड. दिवसा उताणे पडून पाय दुमडायचे आणि कंबर सावकाश उचलायची. पुढे उभे राहून पट्ट्याला ताण देत पाय बाजूला न्यायचा. व्यायामात थोडे दुखले तर चालते, पण रात्री कळ वाढली तर दुसऱ्या दिवशी कमी करायचे.

इंजेक्शनचे काय, हेही विचारले. 2018 च्या ऑस्ट्रेलियातल्या तुलनेत आठ आठवड्यांनी बरे वाटणारे व्यायामवाल्यांत शंभरातले 77, इंजेक्शनवाल्यांत 58 आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत 29 होते. वर्षाअखेरीही व्यायामवालेच पुढे होते.

दुखणे जांघेत असेल तर सांध्याकडे, पायाला मुंग्या येत असतील तर कण्याकडे पाहावे लागते. ताप असेल किंवा पडल्यावर पाय टेकवत नसेल, तर उशीच्या नादी न लागता सरळ दवाखाना गाठावा.

मला तिसऱ्या आठवड्यात डावी कूस मिळाली. उजवीला तीन महिने लागले. उशी मात्र अजून आहे. आमचे ‘हे’ तिला सवत म्हणतात.